जे खोक्यावर छापलेले नसते

२०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर सॅमसंगने भारतात थोड्याच अंतराने दोन फोन बाजारात आणले. एकाचे नाव गॅलॅक्सी ए ३३, दुसऱ्याचे गॅलॅक्सी एम ३३. दोघांचा प्रोसेसर एकच, एक्सिनॉस १२८०. दोन्ही फाइव्ह जी. ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज दोघांतही मिळत होते. पुढची काच एकाच प्रतीची आणि चार्जिंगचा वेगही सारखाच, २५ वॉट. तरीही सुरुवातीच्या दिवसांत ए ३३ अठ्ठावीस-एकोणतीस हजारांना विकला जात होता आणि एम ३३ एकोणीस-वीस हजारांना. मधला फरक सुमारे नऊ हजार रुपयांचा.

खोक्यावरचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर कोडे आणखी वाढते. स्वस्त फोनची बॅटरी ६,००० एमएएच, महागाची ५,०००. स्वस्त फोनचा मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेल, महागाचा ४८. स्वस्त फोनचा स्क्रीन १२० हर्ट्झचा, महागाचा ९० हर्ट्झचा. शिवाय तो आकारानेही थोडा मोठा. म्हणजे जे आकडे जाहिरातीत ठळक छापले जातात, त्यांत स्वस्त फोनच पुढे. ब्रँड एक, कंपनी एक, देश एक, वर्षही एक. त्यामुळे ‘नावाचे पैसे घेतात’ हे आपले ठरलेले उत्तर इथे पुरत नाही. सारख्या दिसणाऱ्या फोनच्या किमती वेगळ्या का असतात हे समजून घ्यायला म्हणूनच ही जोडी फार सोयीची आहे.

भाव आधी, फोन नंतर

कारखान्यात सुटे भाग जोडले, त्यांच्या खर्चात मजुरी आणि नफा मिळवला की किंमत निघते, असे आपण गृहीत धरतो. फोनच्या धंद्यात क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. कंपनी आधी ठरवते की आपल्याला वीस हजारांच्या आतला फोन हवा आहे, तो मुख्यतः ऑनलाइन विकायचा आहे आणि त्याचा ग्राहक तीन-चार मॉडेलांचे आकडे ताडून पाहणारा तरुण आहे. मग त्या भावात बसेल असा फोन बांधायला घेतात. वीस हजारांतून कर वजा होतो, विक्रीचा खर्च आणि आपली कमाई वजा होते. उरलेल्या रकमेत स्क्रीन, प्रोसेसर, मेमरी, कॅमेरे, बॅटरी, बॉडी सगळे बसवायचे असते.

ते बसवताना कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो. कुठे घ्यायचा हे ग्राहक काय बघतो यावर ठरते. बॅटरी किती, मेगापिक्सेल किती, रॅम किती, हर्ट्झ किती हे तो बघतो. त्या ओळींत कंपनी मागे राहू शकत नाही, कारण वेबसाइटवरच्या तुलनेच्या तक्त्यात लगेच मागे पडेल. मग काटकसर होते ती ज्या गोष्टींची तक्त्यात ओळच नसते तिथे, किंवा ओळ असूनही तिचा अर्थ फारसा कुणाला कळत नाही तिथे. दोन फोनचे आकडे जुळतात ते त्यामुळेच. ते जुळावेत अशाच बेताने फोन बांधलेला असतो. भावातला फरक शोधायचा तर आकड्यांच्या आड जावे लागते.

मेगापिक्सेलच्या मागे

कॅमेऱ्यापासून सुरुवात करू. ए ३३ च्या ४८ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात ओआयएस होते, म्हणजे हाताचा थरथराट झेलणारी यंत्रणा. एम ३३ च्या ५० मेगापिक्सेल कॅमेऱ्यात ते नव्हते. ओआयएस हे सॉफ्टवेअर नाही, तो खरोखर हलणारा भाग आहे. कॅमेऱ्याचे भिंग बारीक स्प्रिंगांवर तरंगते ठेवलेले असते आणि त्याच्या बाजूला चिमुकली चुंबके व तारेची वेटोळी असतात. हात जरा उजवीकडे हलला की फोनमधला जायरोस्कोप ते सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात ओळखतो, वेटोळ्यातून वीज सोडली जाते आणि भिंग तेवढेच उलट्या दिशेला सरकते. चित्र त्यामुळे जागचे हलत नाही.

याचा उपयोग उन्हात जवळजवळ दिसत नाही. संध्याकाळी, लग्नाच्या हॉलमध्ये, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली मात्र दिसतो. उजेड कमी असला की कॅमेऱ्याला शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते आणि तेवढ्या वेळात हात हललाच तर फोटो फिसकटतो. ओआयएस असले की शटर निर्धास्तपणे उघडे ठेवता येते. चालता चालता काढलेल्या व्हिडिओतही फरक जाणवतो. एवढा नाजूक भाग बनवायला, बसवायला आणि तपासायला पैसे लागतात, पण मेगापिक्सेलच्या आकड्यात तो कुठेच उमटत नाही. त्याची एक मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. ओआयएस तुमचा हात सांभाळते, समोरचा माणूस नाही. धावणारे मूल अंधारात पुसट यायचे ते येणारच.

दुसरी गोष्ट सेन्सरच्या आकाराची. सेन्सर म्हणजे भिंगामागची, प्रकाश टिपणारी चिप. ५० मेगापिक्सेलचे अर्थात पाच कोटी ठिपक्यांचे सेन्सर बाजारात अनेक प्रकारचे आहेत. सॅमसंगच्याच जेएन१ नावाच्या सेन्सरमध्ये प्रत्येक ठिपका ०.६४ मायक्रॉन रुंद असतो, तर सोनीच्या आयएमएक्स ७६६ मध्ये एक मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण ठिपका लांबी-रुंदी दोन्हीकडे वाढतो. क्षेत्रफळ काढले तर सोनीचा ठिपका जवळजवळ अडीचपट भरतो आणि त्याच प्रमाणात जास्त प्रकाश गोळा करतो. खोक्यावर दोघांच्याही नावे ‘५० मेगापिक्सेल’ एवढेच येते. मोठा सेन्सर महाग असतो, त्याला भिंगही मोठे लागते आणि फोनच्या पाठीवरचा उंचवटाही वाढतो.

खरे तर रोजचा फोटो ५० मेगापिक्सेलचा नसतोच. हे फोन शेजारचे चार ठिपके एकत्र करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात. त्यामुळे ४८ की ५० या प्रश्नाला व्यवहारात काही अर्थ उरत नाही. विचारायचे ते सेन्सर केवढा आहे आणि ओआयएस आहे का, हे. पाठीमागे चार कॅमेरे आहेत या गोष्टीलाही फार भुलू नये. त्यांतले दोन २ मेगापिक्सेलचे असतील, तर ते बहुधा मोजदाद वाढवण्यापुरतेच बसवलेले असतात.

१२८ जीबी, पण कोणते?

स्टोरेजच्या बाबतीत ही लपवाछपवी आणखी सोपी आहे, कारण ‘१२८ जीबी’ हा आकडा केवळ जागा किती ते सांगतो. त्या जागेत माहिती किती वेगाने आत-बाहेर जाते ते सांगत नाही. फोनमध्ये दोन जातींचे स्टोरेज वापरतात. जुने आणि स्वस्त ते ईएमएमसी. नवे ते यूएफएस, आणि त्यातही २.२, ३.१, ४.० अशा पायऱ्या. ईएमएमसीचा कमाल वेग सेकंदाला ४०० एमबीच्या घरात अडतो. शिवाय त्यात एका वेळी एकच काम होते, वाचणे तरी किंवा लिहिणे तरी. यूएफएस दोन्ही एकदम करू शकते आणि त्याची २.२ ही पायरीसुद्धा कागदावर ईएमएमसीच्या तिप्पट वेगाची आहे.

नवा फोन हातात घेतल्यावर हा फरक फारसा कळत नाही. वर्ष-दीड वर्षाने, स्टोरेज तीनचतुर्थांश भरले की कळू लागतो. मागे व्हॉट्सअॅपचा बॅकअप चालू आहे, प्ले स्टोअर अॅप अपडेट करतो आहे आणि नेमका तेव्हाच फोन आला, तर ईएमएमसीचा फोन काही क्षण अडकतो. लोक म्हणतात, फोन म्हातारा झाला. प्रोसेसर मात्र पहिल्या दिवशी होता तसाच असतो. वाट अडलेली असते ती स्टोरेजपाशी.

या फरकाचे सर्वांत गाजलेले उदाहरण २०१७ मधले, हुआवे पी १० या फोनचे. हा त्या कंपनीचा त्या वर्षीचा मानाचा, महाग फोन. काही ग्राहकांनी स्टोरेजचा वेग मोजणारे अॅप चालवले, तेव्हा एकाच मॉडेलच्या, एकाच किमतीच्या फोनांत जमीन-अस्मानाचे अंतर दिसले. कुणाचा वेग सेकंदाला तीनशे एमबीच्या आसपास, तर कुणाचा सातशेच्या पुढे. कंपनीने काही पिसांत ईएमएमसी आणि काहींत यूएफएस बसवले होते. त्या वर्षी मेमरी चिपांचा जगभर तुटवडा होता. त्यामुळे असे मिश्रण करावे लागले, हे कंपनीच्या ग्राहक विभागाचे प्रमुख रिचर्ड यू यांना जाहीरपणे सांगावे लागले. इथे तर ‘जवळपास सारखे’ दोन फोनही नव्हते, मॉडेल तंतोतंत एकच होते. सुट्या भागाची प्रत नावातून आणि आकड्यांतून कशी निसटते हे त्या प्रकरणाने उघड्यावर आणले.

आज साधारणपणे दहा हजारांच्या आसपास ईएमएमसी सापडते, मधल्या टप्प्यात यूएफएस २.२ आणि तीस हजारांच्या पुढे ३.१ किंवा त्याच्या वरचे. कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलच्या पानावर स्टोरेजपुढे ‘यूएफएस’ लिहिलेले असेल, तर कंपनीला ते सांगावेसे वाटले आहे असे समजायचे. फक्त ‘१२८ जीबी’ लिहून थांबले असतील, तर चौकशी केलेली बरी. आणि ‘८ अधिक ८ जीबी रॅम’ अशी जाहिरात दिसली तर दुसरे आठ जीबी म्हणजे या स्टोरेजचाच उधार घेतलेला तुकडा आहे, हे ध्यानात ठेवावे. स्टोरेज मंद असेल तर ती रॅमही मंदच.

पाऊस आणि वर्षे

ए ३३ मध्ये आणखी दोन गोष्टी होत्या ज्यांची मोजदाद आकड्यांच्या शर्यतीत होत नाही. पहिली पाण्यापासून संरक्षण. त्याला आयपी ६७ हा दर्जा होता, एम ३३ ला असा कोणताही दर्जा नव्हता. या दोन अंकांतला पहिला, ६, धूळ अजिबात आत जात नाही असे सांगतो. दुसरा, ७, एक मीटर खोल गोड्या पाण्यात अर्धा तास फोन तग धरतो असे सांगतो. त्यासाठी स्क्रीनच्या कडेने चिकटपट्टीची अखंड रेघ लागते, स्पीकर आणि माइकच्या भोकांवर पाणी अडवून हवा सोडणारी जाळी लागते, चार्जिंगच्या खाचेभोवती आणि सिमच्या ट्रेवर रबरी कडे लागते. जुळणी करताना यांतली एक जागा जरी सुटली तरी बाकी सगळे वाया, म्हणून तपासणीही वाढते. सिमचा ट्रे ओढून पाहिल्यावर बारीक रबर दिसले म्हणून लगेच निश्चिंत होऊ नये. दर्जा नसलेल्या काही फोनांतही ते असते. दर्जा कागदावर लिहिलेला असेल तरच तो खरा.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्या, जून ते सप्टेंबर दुचाकीवर फिरणाऱ्या माणसाला या एका गोष्टीचे मोल मोठ्या बॅटरीहून जास्त असू शकते. पण तिलाही मर्यादा आहेत. चाचणी गोड्या पाण्याची असते, समुद्राच्या खाऱ्या पाण्याची नाही. चिकटपट्टी वर्षागणिक सैल होते. एकदा बाहेरच्या दुकानात स्क्रीन बदलून घेतला की मूळची बंदिस्ती राहिली असे धरून चालता येत नाही. आणि दर्जा असला तरी पाण्याने झालेले नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरच्या वर्षांची. ए ३३ ला अँड्रॉइडच्या पुढच्या चार आवृत्त्या आणि पाच वर्षे सुरक्षा अपडेट देण्याचे वचन होते. एम ३३ ला दोन आवृत्त्या आणि चार वर्षे. प्रोसेसर तोच असूनही एकाचे आयुष्य कागदावरच आखूड ठेवलेले होते. अपडेट फुकट येते म्हणून आपल्याला ते बिनखर्चाचे वाटते. प्रत्यक्षात गूगलने नवी आवृत्ती काढली की चिप बनवणाऱ्याने तिच्याशी जुळणारे सॉफ्टवेअर पुरवावे लागते. मग फोन कंपनीच्या अभियंत्यांना त्या एका मॉडेलचा कॅमेरा, मोडेम, बोटाचा ठसा, बॅटरी सगळे पुन्हा तपासावे लागते. हे काम प्रत्येक मॉडेलला वेगळे असते. विकून झालेल्या फोनवर पाच वर्षे माणसे कामाला ठेवायची तर तो पैसा पहिल्या दिवशीच्या किमतीतूनच काढून ठेवावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ साठी सात वर्षांचे वचन दिले, ते सगळ्यांत महागड्या मालिकांपासून सुरू झाले, याचे कारण यातच आहे.

कारखान्यापासून काउंटरपर्यंत

भाग संपले की वाट सुरू होते. या दोन फोनांच्या वाटा मुळात वेगळ्या आहेत. सॅमसंगने एम मालिका जानेवारी २०१९ मध्ये भारतात सुरू केली, तीच अॅमेझॉन आणि स्वतःच्या वेबसाइटवर विकण्यासाठी. त्या वेळी ऑनलाइन बाजारात चिनी कंपन्यांनी जम बसवला होता आणि सॅमसंगला तिथे लढायला हलका भाव हवा होता. ए मालिका मात्र दुकानाच्या काउंटरवर उभी राहणारी.

दुकानातला फोन कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरकडे जातो आणि तिथून गावोगावच्या दुकानदारांकडे. दोघांचे मार्जिन किमतीत असते. दुकानात कंपनीचा टी-शर्ट घालून उभा असलेला प्रमोटर दुकानदाराचा नोकर नसतो. त्याचा पगार आणि प्रत्येक पिसामागचा इन्सेंटिव्ह कंपनी देते. दिव्यांचा बोर्ड, डेमोसाठी ठेवलेले फोन, महिन्याचे टार्गेट गाठल्यावर दुकानदाराला मिळणारी स्कीम, हा सारा खर्च त्याच भावात. ‘नो कॉस्ट ईएमआय’ मधले व्याजही कुणीतरी भरतेच. बहुधा कंपनी किंवा विक्रेता ते सवलतीच्या रूपाने फायनान्स कंपनीला देतो. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

दुकानाची ही साखळी कंपनीने अखडती धरली तर काय होते हे २०२४ मध्ये दिसले. दक्षिण भारतातील संघटित किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेने वनप्लसला पत्र लिहून १ मे पासून आपल्या दुकानांत त्यांचे फोन विकणार नसल्याचे कळवले. मार्जिन फार कमी आणि वॉरंटीचे दावे निकाली काढायला विलंब, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ग्राहकाला हलका भाव मिळतो तेव्हा तो कधी कधी दुकानदाराच्या वाट्यातून आलेला असतो, हे त्यातून कळते.

करही या वाटेवर वाढत जातो. फोनवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १२ ऐवजी १८ टक्के झाला. हा कर भावाच्या प्रमाणात लागत असल्याने फरकालाही तो लागतो. आपल्या जोडीतल्या नऊ हजारांपैकी सुमारे १,३७० रुपये नुसता जीएसटीच आहे. म्हणजे महाग फोन घेताना जास्तीचे जे पैसे आपण मोजले त्यांतला जवळजवळ सातवा हिस्सा फोनमध्ये गेलाच नाही.

जाहिरात एका फोनवर किती बसते?

जाहिरातीबद्दल लोकांचा समज असा की क्रिकेटपटूचे मानधन आपण भरतो. थोडे गणित करून पाहू. विवोने २०१८ ते २०२२ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे मुख्य प्रायोजकत्व २,१९९ कोटी रुपयांना घेतले होते. पुढे तो करार पूर्ण काळ चालला नाही, पण हिशेबाला आकडा चांगला आहे. वर्षाला साधारण ४४० कोटी. कंपनी वर्षाला दोन कोटी फोन विकत असेल, तर एका फोनवर २२० रुपये बसतात. एवढ्या प्रचंड रकमेचे ओझे एका फोनवर इतके हलके होते.

आता दुसरी बाजू. एखादा छोटा ब्रँड वर्षाला दहा लाख फोन विकतो आणि जाहिरातीवर केवळ ५० कोटी खर्च करतो असे धरा. त्याच्या प्रत्येक फोनवर ५०० रुपये बसले. नव्या मॉडेलचे साचे, प्रमाणपत्रे, सॉफ्टवेअरची टीम, तालुक्याच्या गावी सर्व्हिस सेंटर या साऱ्या खर्चांचेही तेच. ते फोन किती विकले गेले यावर फारसे अवलंबून नसतात, म्हणून जो जास्त विकतो त्याला ते स्वस्त पडतात. लाखांच्या संख्येने भाग उचलणाऱ्याला चिपचा दरही कमी लागतो. तेच आकडे असलेला अपरिचित ब्रँडचा फोन प्रसिद्ध ब्रँडपेक्षा स्वस्त असायलाच हवा असे त्यामुळे नाही. तो बराच स्वस्त मिळत असेल, तर वर सांगितलेल्या न छापलेल्या जागांपैकी कुठली तरी रिकामी आहे का ते बघावे.

काही फोन मात्र वेगळ्याच कारणाने स्वस्त असतात. शाओमीचे संस्थापक लेई जून यांनी एप्रिल २०१८ मध्ये जाहीर केले होते की फोन आणि इतर वस्तूंवरचा निव्वळ नफा कंपनी पाच टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. उरलेली कमाई कंपनी विक्रीनंतर करते. त्यात आधीच भरलेली अॅप, फोनच्या स्वतःच्या अॅपमध्ये येणाऱ्या जाहिराती, थीम आणि गेम हे सारे येते. अशा फोनवर ब्राउझरच्या, सुरक्षा अॅपच्या नोटिफिकेशन दिवसभर येत राहतात. भावातली सूट आपण लक्ष देऊन हप्त्याहप्त्याने फेडत असतो. बऱ्याच जाहिराती सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात, पण वडीलधाऱ्या माणसाच्या हातात फोन द्यायचा असेल तर ते काम देण्याआधी आपणच बसून करावे. चुकून दाबलेली एक जाहिरात त्यांना नको त्या अॅपपर्यंत नेते.

नऊ हजारांचा ताळेबंद

आता मूळ जोडीकडे वळू. नऊ हजारांतून १,३७० कर गेला. काही भाग दुकानाच्या साखळीचा. काही खऱ्या वस्तूंचा: एम ३३ मध्ये साधा एलसीडी स्क्रीन होता, ए ३३ मध्ये सुपर अॅमोलेड, आणि त्याच्याच पोटात बोटाचा ठसा. शिवाय ओआयएस, पाण्यापासून संरक्षण, दोन्ही बाजूंचे स्पीकर. काही भाग सॉफ्टवेअरच्या जास्तीच्या वर्षांचा. आणि उरलेला भाग कंपनीची कमाई. दुकानात येणारा ग्राहक आकडे कमी ताडतो आणि नावावर विश्वास जास्त ठेवतो, म्हणून ती कमाई तिथे जास्त ठेवता येते. हा शेवटचा भाग नेमका किती हे बाहेरच्याला कळत नाही, पण तो आहे हे विसरू नये.

मग घ्यायचा कोणता? केवळ वर्षांचा हिशेब केला तर साडेअठ्ठावीस हजार पाच वर्षांत वाटून वर्षाला ५,७०० पडतात आणि साडेएकोणीस हजार चार वर्षांत वाटून सुमारे ४,९००. म्हणजे नुसत्या अपडेटच्या जोरावर महाग फोन परवडत नाही. पावसात फिरणाऱ्याला, कमी उजेडात फोटो काढणाऱ्याला, तासन्‌तास चित्रपट पाहणाऱ्याला त्याचे पैसे वसूल होतात. दिवसभर हॉटस्पॉट चालवणारा, डिलिव्हरीवर असणारा, एकदा चार्ज करून रात्रीपर्यंत फोन ओढणारा यांच्यासाठी ६,००० एमएएचचा एम ३३ हाच शहाणपणाचा फोन होता, आणि नऊ हजार खिशात.

असाच ताळेबंद कुठल्याही दोन फोनांचा मांडता येतो. स्टोरेज कोणत्या जातीचे, कॅमेऱ्याला ओआयएस आहे का आणि सेन्सर केवढा, पाण्याचा दर्जा लेखी आहे का, सुरक्षा अपडेट कोणत्या साली संपणार, जवळचे सर्व्हिस सेंटर कुठे. ही पाच उत्तरे कंपनीच्या वेबसाइटवर किंवा दुकानदाराकडून अर्ध्या तासात मिळतात. अपडेटची वर्षे मोजताना ती फोन बाजारात आल्यापासून सुरू होतात, आपण घेतल्यापासून नाही. दोन वर्षे जुने मॉडेल सेलमध्ये स्वस्त दिसते त्याचे एक कारण तेही असते. आणि सवलत खोक्यावरच्या एमआरपीवरून कधी मोजू नये. ती कायद्याने छापावी लागणारी कमाल किंमत असते, त्या भावाने फोन क्वचितच विकला जातो. गेल्या दोन-तीन महिन्यांत तो प्रत्यक्षात कितीला मिळत होता, तीच खरी किंमत.

हे सगळे झाल्यावर फरकाची रक्कम कागदावर लिहावी आणि तिच्यापुढे, त्या पैशात आपल्याला जास्तीचे काय मिळते ते नाव घेऊन लिहावे: ओआयएस, आयपी ६७, दोन वर्षे जास्त अपडेट, गावातले सर्व्हिस सेंटर. जी नावे आपल्या रोजच्या वापरात येणार असतील त्यांच्यासाठी पैसे मोजायला हरकत नाही. ज्या रकमेपुढे काहीच लिहिता आले नाही ती कंपनीला द्यायचे कारण नाही.